पाचव्या मिनिटाची हाक

बाळ रडलं, नाळ कापली, वार पडली, आणि खोलीतल्या सगळ्यांच्या नजरा बाळाकडे वळल्या. बाळंतिणीच्या जिवाला सर्वांत जास्त धोका असतो तो याच वेळी. दिवस भरलेल्या गर्भाशयाला दर मिनिटाला साधारण ५०० ते ७०० मि.ली. रक्त पुरवलं जात असतं. वार सुटली की तिच्या जागी उघड्या पडलेल्या रक्तवाहिन्या बंद करण्याचं काम गर्भाशयाचे स्नायू करतात. ते आवळतात आणि त्यांच्या विणीत अडकलेल्या वाहिन्या दाबल्या जातात. स्नायू थकले, सैल राहिले, तर वाहिन्या उघड्याच राहतात. बाळंतपणानंतर होणाऱ्या अतिरक्तस्रावाच्या दर दहा घटनांपैकी साधारण सात घटनांत कारण हेच असतं. लेबर रूममध्ये सगळे याला ‘पीपीएच’ म्हणतात, म्हणून पुढे मीही तोच शब्द वापरते.

पीपीएच हाताळायला नर्स आणि डॉक्टरांनी शिकायचं कुठे? रक्त वाहत असलेल्या बाईपाशी उभं राहून पहिल्यांदा शिकणं तिच्या जिवावर बेतू शकतं. म्हणून प्रसंग खोटा उभा करतात, पण तो खऱ्यासारखा चालवतात. आजची मॅनिकिन श्वास घेतात, त्यांची नाडी हाताला लागते, पोटावर हात ठेवला तर गर्भाशय मऊ की टणक ते कळतं, आणि काचेमागे बसलेला माणूस कळ दाबून रक्त वाहू देतो. याला हाय-फिडेलिटी सिम्युलेशन म्हणतात. मॅनिकिन विकत मिळतं. त्यावर चालवायचा प्रसंग, म्हणजे सिनॅरिओ, कुणीतरी बसून लिहावा लागतो. पंधरा मिनिटांच्या त्या प्रसंगातून माणसं काय घेऊन जाणार, हे कागदावरच ठरतं. तो कागद कसा तयार होतो, हे एका सिनॅरिओच्या आधारे सांगते.

आधी थोडं किमतीबद्दल. हाय-फिडेलिटी म्हटलं की लाखांची यंत्रं डोळ्यासमोर येतात. पण फ्रान्समधल्या आंजेलिक द्यु कुद्रे या सुईणीला पंधराव्या लुईने १७५९ मध्ये देशभर सुईणींना शिकवण्याचा परवाना दिला, तेव्हा तिच्याजवळ कापड आणि चामड्याची शिवलेली बाहुली होती. तिची एक बाहुली रुआँच्या संग्रहालयात अजून आहे. आज ‘मामानॅटली’ नावाचा एक साधा पोशाख मिळतो. एखादी सहकारी तो कमरेला बांधते, आत हात घालून गर्भाशय सैल किंवा टणक करते, पिशवीतून लाल पाणी सोडते आणि बाळंतिणीचे संवादही स्वतःच बोलते. जिवंत माणसाचा चेहरा समोर असल्यामुळे कित्येकदा महागड्या मॅनिकिनपेक्षा ही बाळंतीण जास्त खरी वाटते. प्रसंगाचा खरेपणा तीन ठिकाणी पाहायचा असतो: वस्तू खऱ्यासारख्या आहेत का, शरीर खऱ्यासारखं वागतं का, आणि शिकणाऱ्याच्या मनावर खऱ्यासारखा ताण येतो का. यातला दुसरा खरेपणा पैशाने मिळत नाही. तो लिहिणाऱ्याला विषय किती कळलाय यावर अवलंबून असतो.

उद्दिष्ट आधी, गोष्ट नंतर

सिनॅरिओ लिहायला बसलं की हात आधी गोष्टीकडे धावतो. बाई कोण, गाव कुठलं, रात्र किती झालीय. हा मोह आवरायचा. पहिल्या ओळीत उद्दिष्ट लिहायचं. ‘पीपीएचचं व्यवस्थापन समजेल’ हे वाक्य अनेक कागदांवर असतं, पण ते उद्दिष्ट नव्हे. समजलं की नाही हे डोळ्यांना दिसत नाही. कोण, काय करेल, कुठल्या खुणेनंतर आणि किती वेळात, हे चारही लिहिलं तरच निरीक्षक घड्याळ हातात घेऊन ‘झालं’ किंवा ‘नाही झालं’ असं सांगू शकतो.

नेमकं काय शिकवायचं हे ठरवताना एका अभ्यासाने मला मोठी दिशा दिली. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या चार देशांतल्या ८० रुग्णालयांत दोन लाखांहून जास्त बाळंतपणांवर झालेला हा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. ई-मोटिव्ह हे त्याचं नाव. तिथे बाळंतिणीखाली मापाच्या खुणा असलेली प्लॅस्टिकची पिशवी, म्हणजे ड्रेप, लावली आणि रक्त किती गेलं ते आकड्यात पाहिलं. मर्यादा ओलांडली की गर्भाशयाची मालिश, ऑक्सिटोसिन, ट्रॅनेक्झामिक ॲसिड, सलाइन आणि तपासणी हे सगळं एकामागून एक न करता एकदमच सुरू केलं. तीव्र रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावं लागणं किंवा त्यामुळे मृत्यू, या तिन्हींचं मिळून प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आलं. औषधं सगळी जुनीच होती. जिथे नेहमीच्या पद्धतीने काम चालू होतं तिथे पीपीएच झालेल्या बायकांपैकी जेमतेम निम्म्या वेळेत ओळखल्या गेल्या. ड्रेप लावला तिथे ९३ टक्के.

म्हणजे बाई हातून जाते ती बहुतेक वेळा औषध माहीत नसल्यामुळे नव्हे. नुसत्या नजरेने रक्ताचा अंदाज नेहमी कमीच येतो, आणि त्या कमी अंदाजावर विसंबून सगळे थांबून राहतात. एक मोठा मॉप, पंचेचाळीस सेंटिमीटरचा, पूर्ण भिजला तर त्यात साधारण ३५० मि.ली. रक्त असतं. तो बादलीत टाकला की कुणाच्या हिशेबात राहत नाही. फरशीवर अर्धा मीटर रुंद थारोळं म्हणजे अर्धा लिटर. या गोष्टी ऐकून विश्वास बसत नाही; मोजून भिजवलेला मॉप हातात दिला की बसतो.

पूर्वी ५०० मि.ली. ही रेघ होती. २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ती अलीकडे आणली. आता ३०० मि.ली. रक्त गेलं असेल आणि त्याबरोबर नाडी १०० च्या वर गेली असेल किंवा रक्तदाब घसरू लागला असेल, तर ५०० ची वाट पाहायची नाही, उपचार सुरू करायचे. माझ्या सिनॅरिओचा कणा या दोन रेघांमधल्या जागेत आहे. रक्त ३०० च्या पुढे गेलंय, ५०० अजून झालेलं नाही, रक्तदाब ठीक दिसतोय. जुनी सवय म्हणते थांबून बघू. या क्षणी टीम काय करते, एवढंच मला पाहायचं आहे.

म्हणून उद्दिष्टं तीनच ठेवली. ड्रेपमधला आकडा आणि नाडी पाच-पाच मिनिटांनी एकत्र पाहून ती मोठ्याने सांगणं, हे पहिलं. ३०० मि.ली. आणि १०० च्या वर नाडी हे दोन्ही जुळल्यापासून एका मिनिटात मदतीची हाक देणं, हे दुसरं. आणि तिथून दहा मिनिटांत पहिले सगळे उपचार सुरू झालेले असणं, प्रत्येक काम नाव घेऊन सांगितलेलं आणि ‘दिलं’ म्हणून परत कळवलेलं असणं, हे तिसरं.

इथे हटकून कुणीतरी सुचवतं की बाईला दम्याचा त्रास दाखवू, म्हणजे कार्बोप्रोस्ट देऊ नये हेही शिकतील. बीपी वाढलेलं दाखवू, म्हणजे मेथर्जिन टाळतील. वारेचा तुकडा आत राहिलाय असंही करू. प्रत्येक सूचना वैद्यकीयदृष्ट्या बरोबर असते आणि प्रत्येक सूचना सिनॅरिओ बिघडवते. दमा घातला की पंधरापैकी पाच मिनिटं औषधाच्या निवडीत जातात आणि हाक उशिरा गेली हे कुणाच्या लक्षातही राहत नाही. दम्याची बाई दुसऱ्या सिनॅरिओत येऊ दे. त्याची उद्दिष्टं वेगळी असतील.

शरीराने द्यायचे इशारे

आता बाई. तिला रेखा म्हणू. ती कागदावरचीच आहे. वय २६, तिसरं बाळंतपण, वजन ४८ किलो, हिमोग्लोबिन ८.६. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या निम्म्याहून जास्त गरोदर बायकांना रक्तक्षय आढळला होता, त्यामुळे हा आकडा मुद्दाम वाईट केलेला नाही. कळा लांबल्या म्हणून ऑक्सिटोसिनचं सलाइन बराच वेळ चालू होतं. असं गर्भाशय नंतर सैल पडण्याची शक्यता जास्त. उपजिल्हा रुग्णालय, रात्रीचे अडीच. बाळंतपण होऊन पंधरा मिनिटं झालीत, ऑक्सिटोसिनचं १० युनिटचं इंजेक्शन दिलंय, वार पूर्ण पडलीय, टाका घालावा अशी जखम नाही. हातात एक सुई आहे. लेबर रूममध्ये दोन सिस्टर, डॉक्टर क्वार्टरवर, फोनवर बोलावता येतील असे. शेजारी रेखाची आई बसलीय. एवढं दोन मिनिटांत वाचून दाखवायचं आणि बाजूला व्हायचं.

इथून प्रत्येक टप्प्याला चार रकाने असतात: यंत्र काय दाखवेल, रेखा काय बोलेल, आई काय बोलेल, ड्रेपमध्ये किती असेल. सुरुवातीला नाडी ८८, रक्तदाब ११६ वर ७४, ड्रेपमध्ये १५० मि.ली. रेखा विचारते, “बाळाला दूध कधी पाजायचं, सिस्टर?” पाचव्या मिनिटाला ड्रेपमध्ये ३५०, नाडी १०४, रक्तदाब ११२ वर ८०, गर्भाशय मऊ. आठव्या मिनिटाला ६००, नाडी १२२, रक्तदाब १०४ वर ७८. कुणी काहीच केलं नाही तर अकराव्या मिनिटाला एक लिटर, नाडी १३६, रक्तदाब ८६ वर ५४, आणि रेखा उत्तरं द्यायची थांबते.

या आकड्यांवर मी सर्वांत जास्त वेळ घालवते. नवखा लेखक रक्त गेलं की लगेच रक्तदाब पाडतो, कारण त्याने प्रसंग रंगतो. पण गरोदरपणात शरीरातलं रक्त चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढलेलं असतं. तरुण बाईचं शरीर वाहिन्या आवळून बराच काळ वरचा रक्तदाब टिकवून धरतं. आधी नाडी वाढते, मग वरच्या आणि खालच्या आकड्यांतलं अंतर कमी होतं. पहिल्या टप्प्यात ते अंतर ४२ होतं, पाचव्या मिनिटाला ३२, आठव्याला २६. रक्तदाब कोसळतो तो सर्वांत शेवटी, आणि तेव्हा हातात वेळ उरलेला नसतो. नाडीला वरच्या रक्तदाबाने भागलं तर शॉक इंडेक्स मिळतो. तो ०.७६ पासून ०.९३, मग १.१७ आणि शेवटी १.५८ असा चढत जातो. रक्तदाब ठीक दिसत असतानाच हा आकडा धोका सांगू लागलेला असतो. सिनॅरिओत पाचव्या मिनिटालाच बीपी ८० दाखवलं, तर शिकणारी बाई ‘बीपी पडलं की पीपीएच’ हे शिकून जाईल आणि वॉर्डात ते पडण्याची वाट पाहत बसेल. चुकीचा सिनॅरिओ चुकीची सवय अगदी पक्की शिकवतो.

याच कारणासाठी रेखाला मॉनिटर जोडलेला नाही. बहुतेक सिम्युलेशन लॅबमध्ये भिंतीवर मोठा पडदा असतो, आकडे लाल होतात, घंटा वाजते. ज्या लेबर रूममधून या सिस्टर आल्या आहेत तिथे अशी घंटा वाजत नाही. तेव्हा नाडी बोटांनीच पाहायची, पट्टा बांधून बीपी घ्यायचं. घेतलं तर आकडा मिळेल. न घेणाऱ्याला तो मिळत नाही, आणि ते मागे सगळ्यांना दिसतं.

इशारा आणि उत्तर

क्यू, म्हणजे प्रसंगातला इशारा, लिहिणं हे या कामातलं सर्वांत नाजूक काम आहे. इशाऱ्याने माहिती द्यायची, उत्तर द्यायचं नाही. पाचव्या मिनिटाला रेखाची आई “सिस्टर, ड्रेप बघा, किती रक्त गेलंय!” असं म्हणाली तर खेळ संपला. खरी आई असं बोलतही नाही. तिला ड्रेप दिसतच नसतो. म्हणून पहिला इशारा रेखाचा: “सिस्टर, तहान लागलीय हो. घसा सुकलाय.” बाळंतीण पाणी मागतेय यात वावगं काही वाटत नाही, आणि कित्येक जणी तिला प्रेमाने पाणी पाजतात. पण तहान, चुळबुळ, जांभया ही रक्त कमी पडत असल्याची पहिली कुरबुर असते. ज्या सिस्टरला ते माहीत आहे ती पाण्याचा पेला ठेवून आधी मनगट हातात घेते.

तेवढ्याने कुणी जागं झालं नाही तर सातव्या मिनिटाला आई म्हणते, “हिचे हात गार का पडलेत? मघाशी तर घामाने निथळत होती.” हा दुसरा, थोडा ठळक इशारा. नवव्या मिनिटालाही हाक गेलेली नसेल तर क्वार्टरवरून डॉक्टरांचा फोन येतो: “त्या तिसऱ्या बाळंतपणाचं कसं काय? ड्रेपमध्ये किती आहे?” हा सरळ धक्का आहे, आणि तो मुद्दाम शेवटी ठेवलाय. प्रत्येक इशारा किती मिनिटांनी द्यायचा आणि कशामुळे रद्द करायचा हे कागदावर लिहिलेलं लागतं. पाचव्या मिनिटालाच हाक गेली तर आईने गार हाताबद्दल बोलायचं नाही. डॉक्टर तीन मिनिटांत येतात. कुठल्या इशाऱ्यावर टीम हलली याची नोंद निरीक्षक करतो, आणि चर्चेसाठी सर्वांत उपयोगाची नोंद हीच असते.

उपचारांनाही शरीराने प्रामाणिक उत्तर द्यायला हवं. पोटावरून मालिश सुरू केली की गर्भाशय हाताखाली टणक होतं. हात काढला की पुन्हा सैल. ऑक्सिटोसिनचं सलाइन सुरू होऊन तीन मिनिटं झाली की मगच ते टणक राहू लागतं. पंधराव्या मिनिटापर्यंत सगळं झालेलं असेल तर धार थांबते, नाडी १०८ वर येते आणि रेखा बाळ मागते. मालिश मध्येच सोडणाऱ्याला याचा अर्थ कुणी समजावून सांगावा लागत नाही.

औषधांचंही असंच. वीस युनिट ऑक्सिटोसिन एक लिटर सलाइनमध्ये टाकायचं तर आपल्याकडच्या पाच युनिटच्या चार ॲम्प्युल फोडाव्या लागतात, त्याही फ्रिजमधून आणून. ट्रॅनेक्झामिक ॲसिडचा एक ग्रॅम म्हणजे ५०० मि.ग्रॅ.च्या दोन ॲम्प्युल, आणि तो सावकाश, साधारण दहा मिनिटांत शिरेतून द्यायचा. एक सिस्टर मालिशवर अडकलीय. दुसरीने ॲम्प्युल फोडायच्या, दुसरी सुई लावायची, रक्ताचा नमुना काढायचा, फोन करायचा. दोन माणसांत हे बसत नाही, हे तिथे उभं राहिल्यावर अंगावर येतं. म्हणून लॅबमध्ये आधीच भरलेल्या सिरिंज ठेवायला माझा ठाम विरोध आहे. ॲम्प्युल रिकाम्या किंवा पाण्याच्या चालतील, पण फोडायला लावा. फ्रिजही खोलीच्या दुसऱ्या टोकालाच हवा. ट्रॅनेक्झामिक ॲसिडच्या बाबतीत वेळेला फार महत्त्व आहे. वीस हजारांवर बायकांवर झालेल्या २०१७ च्या ‘वुमन’ अभ्यासात ते तीन तासांच्या आत दिलं तेव्हाच रक्तस्रावाने होणारे मृत्यू कमी झाले, आणि पुढच्या विश्लेषणात दिसलं की दर पंधरा मिनिटांच्या उशिराने त्याचा फायदा साधारण दहा टक्क्यांनी घटतो.

रक्ताचं सोंग घरगुती चालतं: पाणी, खायचा लाल रंग, थोडा कॉर्नफ्लॉवर. ते सलाइनच्या नळीतून चादरीखालून सोडायचं, म्हणजे चाकाने वेग कमी-जास्त करता येतो. मात्र मोजून भरायचं. कागदावर ३५० लिहिलं आणि ड्रेपमध्ये २६० दिसलं तर शिकणाऱ्याने हाक न देणं बरोबर ठरतं, आणि चर्चेत लेखकाला तोंड उरत नाही.

रेखा मरते का? मी तिला मरू देत नाही. मृत्यूची बातमी नातेवाइकांना कशी द्यायची हे शिकवणारा सिनॅरिओ असतो आणि त्यात ते आधी सांगितलेलं असतं. इथे ते उद्दिष्ट नाही. न सांगता बाई मेली तर शिकणाऱ्या सिस्टरच्या मनात पुढचा तासभर तेवढंच राहतं. आणि तिच्या हातून खरंच कुणी गेलेलं असेल तर ती जखम आपण उघडी करतो, तीही कारणाशिवाय. अकराव्या मिनिटानंतर काहीच झालं नाही तर डॉक्टर येतात, सूत्रं हातात घेतात आणि प्रसंग थांबतो.

चर्चेचे प्रश्न

प्रसंग पंधरा मिनिटांचा आणि त्यानंतरची चर्चा, म्हणजे डीब्रीफिंग, त्याच्या दुप्पट तरी. शिकणं बहुतेक इथे होतं. आणि तरी सिनॅरिओच्या कागदावर सर्वांत कमी जागा याच भागाला मिळते: ‘चर्चा करावी’ एवढं लिहून सोडून देतात. प्रश्न आधीच, उद्दिष्टांना बांधून लिहिलेले हवेत.

सुरुवात भावनांनी करावी लागते. “आत्ता कसं वाटतंय?” एवढं विचारून दोन-तीन मिनिटं बोलू द्यायचं. हृदय धडधडत असताना कुणी विचार करू शकत नाही. मग एकीला “रेखाचं काय झालं ते थोडक्यात सांगा” म्हणायचं. तिच्या सांगण्यात पाचवं मिनिट येतं की थेट आठवं, यावरूनच बरंच कळतं.

त्यानंतर खरा प्रश्न. “डॉक्टरांना वेळेत का बोलावलं नाहीत?” असा तो विचारला तर सिस्टर मान खाली घालते आणि “चुकलं, मॅडम” म्हणते. चर्चा तिथे संपते, आणि तिने का बोलावलं नाही हे कुणालाच कळत नाही. “साधारण किती रक्त गेल्यावर हाक द्यायला हवी होती?” हा प्रश्न परीक्षेचा आहे, उत्तर येतं, वागणं बदलत नाही. बॉस्टनच्या सिम्युलेशन केंद्रातल्या जेनी रुडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये वेगळी वाट मांडली. आधी आपण काय पाहिलं ते सांगायचं, मग आपल्याला काय वाटलं ते न लपवता सांगायचं, आणि मग खऱ्या कुतूहलाने समोरच्याचा विचार विचारायचा. रेखाच्या कागदावर तो प्रश्न असा आहे: “पाचव्या मिनिटाला तुम्ही ड्रेपमध्ये साडेतीनशे असल्याचं बोललात आणि नाडी १०४ लिहिलीत. पुढची तीन मिनिटं तुम्ही एकट्याच मालिश करत होतात. मला काळजी वाटली, कारण औषध आणायला कुणी मोकळं नव्हतं. त्या वेळी तुमच्या मनात काय चाललं होतं?”

या प्रश्नाला येणारी उत्तरं ऐकण्यासारखी असतात. एक म्हणते, ५०० झाले की पीपीएच असंच शिकवलंय. दुसरी म्हणते, त्यात गर्भजल मिसळलंय असं वाटलं, सगळं रक्त नसेल. तिसरी थोडा वेळ गप्प राहते आणि मग म्हणते, रात्री अडीचला उठवलं आणि काही नसलं तर सर रागावतात. तिघींनी केलं एकच, हाक दिली नाही. पण पहिलीला नवी मर्यादा सांगितली की पुरे. दुसरीला दाखवावं लागतं की ड्रेप बाळ बाहेर आल्यावर, पाणी वाहून गेल्यावर लावायचा. तसा लावला की आत जमतं ते रक्तच. तिसरीला काहीच शिकवायची गरज नाही, तिला सगळं येतं. तिच्या रुग्णालयात फोन कुणी कधी करायचा याचा लेखी नियम लागतो, म्हणजे तो फोन तिच्या एकटीच्या हिमतीवर राहणार नाही. नुसतं ‘का बोलावलं नाहीत’ विचारून तिघींनाही तेच व्याख्यान मिळालं असतं, आणि तिसरीचा प्रश्न कधीच वर आला नसता. हे उत्तर ऐकायला डॉक्टरही त्याच वर्तुळात बसलेले हवेत. नर्सचं वेगळं प्रशिक्षण आणि डॉक्टरांचं वेगळं, अशी जी पद्धत पडलीय तिच्यात हे संभाषण होऊच शकत नाही.

तिसऱ्या उद्दिष्टाला एक प्रश्न पुरतो: “ट्रॅनेक्झामिक दिलं गेलंय हे तुमच्यापैकी कुणाला, केव्हा कळलं?” बऱ्याचदा खोलीत दोन उत्तरं येतात. “कुणीतरी ट्रॅनेक्झा द्या” असं हवेत म्हटलं गेलेलं असतं आणि प्रत्येकीला वाटलेलं असतं की दुसरीने दिलं. इथे चित्रीकरण दाखवायचं असेल तर तेवढाच अर्ध्या मिनिटाचा तुकडा दाखवावा. सगळं चित्रीकरण लावलं की माणसं स्वतःचा चेहरा बघण्यात गुंततात.

या सगळ्याला मर्यादा आहेत. मॅनिकिनचं सैल गर्भाशय खऱ्यासारखं लागत नाही. खरं गर्भाशय कधी कधी पोटाच्या चरबीत शोधावं लागतं. लॅबमध्ये हाक एका मिनिटात गेली म्हणून वॉर्डात जाईलच असं नाही. ई-मोटिव्हचं यशही नुसत्या प्रशिक्षणाचं नव्हतं. ड्रेप, औषधांचा हाताशी ठेवलेला संच आणि कुणीतरी सतत घेतलेला आढावा असं सगळं त्यात होतं. म्हणून सिनॅरिओ लिहून झाल्यावर तो आधी विषय माहीत असलेल्या पण कागद न पाहिलेल्या दोघीतिघींवर चालवून बघायचा. तहानेचा इशारा कुणालाच ऐकू आला नाही तर रेखाचा आवाज वाढवायचा. सगळ्यांनी पाचव्या मिनिटालाच ओळखलं तर मातृबोलीत बोलणारी एखादी गप्पिष्ट आई मध्ये घालून लक्ष जरा विचलित करायचं. आणि त्याच दिवशी, चर्चेनंतर, तीच टीम तोच प्रसंग पुन्हा करते. दुसऱ्यांदा उत्तर माहीत असतं हे खरं, पण हाक मारणं, नाव घेऊन काम सांगणं आणि चार ॲम्प्युल फोडणं या गोष्टी माहीत असून भागत नाही, हाताला यावी लागतात.

कागदावरचा शेवटचा प्रश्न लॅबबद्दल नाही: “उद्या ड्यूटीवर गेल्यावर तुमच्या लेबर रूममध्ये पहिलं काय तपासाल?” उत्तरं फळ्यावर लिहून घ्यायची, प्रत्येकापुढे नाव आणि तारीख टाकायची. पीपीएच ट्रेमध्ये ट्रॅनेक्झामिकच्या दोन ॲम्प्युल आहेत का आणि त्यांची मुदत संपलेली नाही ना. ऑक्सिटोसिन फ्रिजमध्ये आहे की खिडकीतल्या डब्यात. रात्री त्या फ्रिजची किल्ली कुणाकडे असते. ड्रेप स्टोअरमधून आलेत की अजून कागदावरच आहेत. फळ्याचा फोटो मेट्रन आणि अधीक्षक दोघांनाही जातो, आणि महिन्याने त्याच लेबर रूममध्ये, न सांगता, रेखाचं बाळंतपण पुन्हा होतं.